क्रिएटिनिन नॉर्मल होतं, तरीही

बाबांना किडनी द्यायला आमच्यात सगळ्यात आधी उभा राहिला तो धाकटा. वय २८, रोज तालमीला जाणारा, आजवर साधं सलाईन न लागलेला. बाबांचं डायलिसिस सुरू होऊन दोन महिने झाले होते. मिरजेला किडनीच्या डॉक्टरांसमोर बसून तो म्हणाला, "माझा रक्तगट जुळतो, माझी घ्या." डॉक्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमची सोनोग्राफी कधी झालीय?" झाली नव्हती. आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाचीच त्यासाठी म्हणून झाली नव्हती.

बाबांच्या फाइलवर पॉलिसिस्टिक किडनी हे शब्द सात वर्षं होते. आम्ही त्याचा अर्थ 'किडनीत पाण्याच्या गाठी' एवढाच घेतला होता. मूतखड्यासारखं काहीतरी, ज्याचं त्याला होतं. डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला आणि आमचं घर काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आत काळं. बाबांचा चौकोन काळा झाला. मग आजोबा. ते कशाने गेले? बावन्नाव्या वर्षी, अंगावर सूज येऊन. तो चौकोनही काळा. मग आत्या. ती गेली ४६ व्या वर्षी. सकाळी भाकरी थापता थापता डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही. 'डोक्यातली शीर फुटली' असं तेव्हा सांगितलं होतं. मला वाटलं, तिचा याच्याशी काय संबंध? डॉक्टरांनी तिचा गोल अर्धा काळा केला आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. खालच्या ओळीत आम्ही तिघं होतो, दोन गोल आणि एक चौकोन, तिन्ही कोरे.

त्यांनी समजावलं ते असं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. काही आजारांना दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, थॅलेसेमियात तसं असतं. या आजारात एकच बिघडलेली पुरते. बाबांकडे एक चांगली आणि एक बिघडलेली आहे, आणि प्रत्येक मुलाला त्यातली कुठली जाईल हा दरवेळी नवा छापा-काटा. "म्हणजे तिघांपैकी दीड जणाला," धाकटा म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. तिघांनाही असू शकतो, एकालाही नसू शकतो. पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटत नाही. आईने विचारलं, "एक पिढी सोडून येतो ना हा?" तर नाही. ज्याच्याकडे बिघडलेली प्रत गेली नाही त्याच्या मुलाबाळांचा या आजाराशी संबंध तिथेच तुटतो. आणि ज्याच्याकडे गेली त्याला तो होतोच, लवकर किंवा उशिरा. पिढी सोडल्यासारखं दिसतं ते बहुतेक वेळा त्या पिढीतल्या माणसाला तपासलंच नाही म्हणून.

तिघांची सोनोग्राफी एकाच दिवशी, सांगलीतल्याच एका सेंटरमध्ये झाली. ताई ४१, मी ३४, धाकटा २८. संध्याकाळी रिपोर्ट हातात आले. ताईचा संपूर्ण स्वच्छ, एकही गाठ नाही. धाकट्याच्या रिपोर्टवर 'उजव्या किडनीत एक साधी सिस्ट, बाकी नॉर्मल'. माझ्या दोन्ही किडन्या १५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि गाठींच्या जागी आकडा नव्हताच, 'असंख्य' असा शब्द होता. नॉर्मल किडनी साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते हे मी रिक्षात बसून मोबाइलवर वाचलं.

मला पोटात दुखत नव्हतं, लघवीचा त्रास नव्हता. किडनी रक्त नीट गाळतेय का ते सांगणारं क्रिएटिनिन ०.८. आदल्याच वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीत त्या आकड्यापुढे बरोबरची खूण होती. मग आठवलं, मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं होतं आणि गोळ्या सुरू केल्या होत्या. बाळंतपणानंतर ते उतरलं आणि सगळ्यांनी तो विषय 'गरोदरपणातलं बीपी' म्हणून मिटवला. तेव्हा पोटावरून किती वेळा सोनोग्राफीचं यंत्र फिरलं होतं! पण बघत होते बाळाला.

धाकट्याच्या रिपोर्टवर घरी पेढे आले. डॉक्टरांनी मात्र तो रिपोर्ट बाजूला ठेवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी ही जागा आहे. ज्याच्या आईला किंवा वडिलांना हा आजार आहे त्याच्या सोनोग्राफीचा अर्थ त्याच्या वयावर ठरतो. १५ ते ३९ वयात दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान पक्कं होतं. ४० ते ५९ मध्ये प्रत्येक किडनीत निदान दोन लागतात आणि साठीनंतर प्रत्येकीत चार, कारण वयाबरोबर एखाददुसरी गाठ कुणालाही येते. उलट्या बाजूने, चाळिशी ओलांडलेल्या माणसात दोनपेक्षा कमी गाठी असतील तर आजार नाही असं म्हणता येतं. ताई म्हणूनच सुटली. तिचं वय ४१ नसून २५ असतं तर त्याच स्वच्छ रिपोर्टवर तिला सोडता आलं नसतं. धाकटा अडकला होता मधल्या जागी. एक गाठ होकाराला कमी आणि नकाराला पुरेशी नाही. आणि हा माणूस स्वतःची एक किडनी काढून द्यायला निघाला होता.

एमआरआयला सोनोग्राफीपेक्षा फार लहान गाठी दिसतात. १६ ते ४० वयात एमआरआयवर एकूण दहापेक्षा जास्त गाठी असतील तर आजार आहे, आणि किडनी देणाऱ्यात पाचपेक्षा कमी असतील तर नाही, असा हिशेब डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता. धाकट्याच्या निघाल्या सोळा. बहुतेक काही मिलिमीटरच्या. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तालमीला मात्र गेला.

जनुकांची तपासणी आम्ही केली नाही. हा आजार मुख्यतः दोन जनुकांमुळे होतो. पहिल्यात बिघाड असणाऱ्यांची संख्या खूप जास्त, आणि त्यांच्या किडन्या साधारण पन्नाशीत-साठीत थकतात. दुसऱ्यात बिघाड असेल तर सत्तरीच्याही पुढे निभावतं. बाबांचं डायलिसिस ५७ व्या वर्षी सुरू झालं, त्यावरून आमच्या घरात पहिला असावा असा अंदाज बांधता येतो. एमआरआयनेही शंका राहिली असती तर आधी बाबांच्या रक्तात नेमका बिघाड शोधून मग धाकट्यात तोच बघावा लागला असता. ती वेळ आली नाही.

आता माझा प्रश्न. क्रिएटिनिन ०.८ असताना मी आजारी कशी? डॉक्टरांनी शाळेचंच उदाहरण दिलं. वर्गावरचे काही शिक्षक रजेवर गेले तर उरलेले जादा तास घेतात आणि वेळापत्रक काही बिघडत नाही. मुख्याध्यापकांना कळतं तेव्हा उरलेलेही थकलेले असतात. गाठी वाढत जातात, शेजारचा चांगला भाग दाबला जातो, पण उरलेली गाळणी जास्त काम करून आकडा नॉर्मल ठेवते, वीस-तीस वर्षंसुद्धा. म्हणून या आजारात सुरुवातीला क्रिएटिनिनकडे बघून काही कळत नाही. बघायचं असतं ते किडनीचं आकारमान.

एमआरआयवरून माझ्या किडन्यांची लांबी, रुंदी आणि जाडी घेतली. तिन्हींचा गुणाकार करून त्याला साधारण ०.५२ ने गुणलं की एका किडनीचे मिलिलिटर मिळतात. उजवी १५ × ८ × ७.६, म्हणजे ४७७ च्या आसपास. डावी ४७१. एकूण साधारण ९५०. याला माझ्या उंचीने, १.५८ मीटरने, भागलं की सहाशे. हा आकडा वयाशेजारी ठेवून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या तक्त्यात बघतात. त्यात ए ते ई असे पाच वर्ग आहेत, ए म्हणजे सगळ्यात संथ. ३४ व्या वर्षी सहाशे म्हणजे सी. माझ्या किडन्या वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढत आल्या आहेत. धाकटा बी मध्ये बसला. एकच बाप, एकच जनुक, तरी वेग वेगळा.

मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे पुढचा हिशेब मी तिथेच केला. सी वर्गात किडनीची गाळण्याची क्षमता सरासरी वर्षाला अडीच अंकांनी उतरते. माझी आज ९९. डायलिसिसचा विषय पंधराच्या खाली निघतो. म्हणजे चौतीस वर्षं, म्हणजे अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे एसटीचं वेळापत्रक समजा, रेल्वेचं नाही." सरासरीपासून माणसं दोन्ही बाजूंना लांब असतात. बाबांची क्षमता शेवटच्या सात वर्षांत दरवर्षी चार-चार अंकांनी कोसळली होती. फक्त त्यांना अडतिसाव्या वर्षी बीपी निघालं आणि गोळी ते 'डोकं जड झालं तर' घेत. पाठ दुखते म्हणून दुखण्याची गोळी मात्र नेमाने. पाठ दुखत होती ती किडनीमुळेच.

इथून पुढे माझ्या हातात जे आहे ते बीपीचं. दवाखान्यात ते १४६/९४ निघालं. मला वाटत होतं किडनी बिघडली की बीपी वाढतं. या आजारात क्रम उलटा असतो. गाठी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाबतात, किडनीला वाटतं की रक्त कमी येतंय, आणि ती बीपी वाढवणारी रसायनं सोडते. क्षमता पूर्ण शाबूत असतानाच निम्म्याहून जास्त रुग्णांना बीपी लागलेलं असतं, बरेचदा तिशीच्या आसपास. त्यामुळे गोळीसुद्धा त्या साखळीवरच काम करणारी निवडतात. मला टेल्मिसार्टन दिली, आधी २० मिलिग्रॅम. त्याआधी डॉक्टरांनी सरळ विचारलं, दुसरं मूल हवंय का? या गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो. तसा विचार असेल तर आधी सांगायचं, गोळी बदलायची. गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेनची गोळीही नको म्हणाले. माझ्या यकृतातही गाठी होत्या आणि त्या इस्ट्रोजेनने वाढतात.

गोळी सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन ०.९ झालं आणि माझं धाबं दणाणलं. पण या गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवतात म्हणून थोडी वाढ होतेच, तीस टक्क्यांपर्यंत ती चालते. पोटॅशियम ४.८, ठीक. मग ४० मिलिग्रॅम.

घरी बीपी मोजायचं यंत्र घेतलं, दंडाला पट्टा बांधायचं. मनगटाचं नको हे बजावून सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात मी ते चहा उकळता उकळता, एका हातात डबा, अशी मोजायची आणि आकडे वाट्टेल ते यायचे. बरोबर पद्धत अशी की पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलणं बंद. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, दर वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवस मोजायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी घेऊन जायची. माझी आली १२६/८२. मी खूश. डॉक्टर म्हणाले, अजून उतरवायचं.

किती? ११०/७५. हा आकडा ऐकून आई घाबरली, "एवढं कमी म्हणजे चक्कर येऊन पडेल पोरगी." पन्नाशीच्या आतल्या, क्षमता चांगली असलेल्या रुग्णाला सोसत असेल तरच हे लक्ष्य ठेवतात. २०१४ साली एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले होते. त्यात बीपी या पातळीवर ठेवलेल्यांच्या किडन्या वाढण्याचा वेग नेहमीच्या लक्ष्यावर ठेवलेल्यांपेक्षा साधारण १४ टक्क्यांनी कमी निघाला. गाळण्याच्या क्षमतेत मात्र त्या पाच वर्षांत स्पष्ट फरक दिसला नाही, हेही डॉक्टरांनी झाकून ठेवलं नाही. मी गणित केलं, चार टक्क्यांचे साडेतीन. कमी वाटतं, पण चक्रवाढीत तीस वर्षांनी फरक पडतो.

दुसरी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. रविवारी पाच लिटरचा कॅन घेऊन घरात बसून राहिले. त्यात सोडियम निघालं १९०. सतराने भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात, म्हणजे दिवसाला अकरा. मला पाचपर्यंत यायचं होतं. मी शपथेवर सांगत होते की मी वरून मीठ घेत नाही. तेही खरं, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममधलं भडंग कुठे मोजत होते? सांगलीत राहून भडंग सोडणं ही काय गोष्ट आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. त्याच्या जोडीला जेवणातलं लोणचं, पापड, रात्रीच्या खिचडीवरचा सांडगा. तीन महिन्यांनी पुन्हा लघवी जमवली, ११० आलं, म्हणजे साडेसहा ग्रॅम. घरच्या बीपीची सरासरी ११४/७६. दुसरी गोळी अजून लागलेली नाही. ज्या दिवशी १०० च्या खाली गेलं त्या दिवशी प्रार्थनेला उभी असताना खरंच डोळ्यांपुढे अंधारलं, म्हणून त्याहून खाली ओढायचं नाही असं ठरलंय. मागच्या पावसाळ्यात जुलाब झाले तेव्हा दोन दिवस गोळी बंद ठेवायला लागली. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी किडनीला मारक ठरते. हे आधी माहीत होतं म्हणून निभावलं.

वाढ मंदावणारं टोलव्हॅप्टन नावाचं औषध आहे, आणि सी वर्गात त्याचा विचार करतात. ते घेतलं की दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते, तेवढंच पाणी प्यावं लागतं, आणि यकृताच्या तपासण्या पहिले दीड वर्ष दर महिन्याला. सलग तीन तास वर्गावर उभ्या राहणाऱ्या बाईने ते कसं करायचं, तेही आमच्या शाळेचं स्वच्छतागृह जिथे आहे तिथे? वर्षभराने पुन्हा एमआरआय करून ठरवू असं आम्ही दोघांनी ठरवलं. हा निर्णय बरोबर आहे याची मला पूर्ण खात्री नाही.

आत्याच्या गोलातलं प्रश्नचिन्ह बाकी होतं. या आजारात मेंदूतल्या धमनीला फुगा येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि घरात कुणाचा तो फुटलेला असेल तर आणखी जास्त. म्हणून मेंदूच्या धमन्यांचा एमआरआय माझा आणि धाकट्याचा झाला. इंजेक्शन न देता होतो तो. दोघांचाही स्वच्छ. काही वर्षांनी परत करायचा. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं तर घरी थांबायचं नाही, हे दोन्ही घरांत सांगून ठेवलंय.

आत्याची दोन मुलं इचलकरंजीला आहेत. मी स्वतः जाऊन कागद दाखवला. मोठा दुसऱ्याच आठवड्यात तपासून आला, वय ४४, एकही गाठ नाही. धाकटीचं लग्न जमवायचं चाललंय. "तिला आत्ता काही बोलू नकोस," तिच्या वडिलांनी मला दारापर्यंत सोडताना सांगितलं. मला राग आला आणि समजलंही. रिपोर्ट नको असेल तर नको, पण बीपी तरी मोजून घे, एवढं मी तिला एकटीला गाठून सांगितलं. तिने मोजलं की नाही ते अजून कळलेलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिची सोनोग्राफी करावी म्हणून मी हट्ट धरला होता. डॉक्टरांनी विचारलं, निघाल्या गाठी तर काय कराल? आणि नाही निघाल्या तर मोकळ्या व्हाल? या वयात स्वच्छ रिपोर्टचा अर्थ काहीच नाही, हे धाकट्यावरून मला कळायला हवं होतं. म्हणून सध्या वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडे तिचं बीपी मोजतो, लहान पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला सैल बसतो आणि आकडा खोटा कमी दाखवतो. यंदाचा तिच्या वयाला आणि उंचीला बरोबर होता. बाकीचं तिला विचारून ठरवायचं, ती विचारण्याच्या वयाची झाली की.

बाबांना किडनी आता ताई देणार आहे. तिचा रक्तगट ओ, बाबांचा बी, म्हणजे अडचण नाही. तिच्या सासरी दोन बैठका झाल्या. शेवटी भाऊजींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, हिला पुढे कधी गाठी येतील का? डॉक्टरांनी तोच जुना कागद काढला आणि ताईच्या कोऱ्या गोलावर बोट ठेवलं. बाबांचं रक्त तिची किडनी नाकारेल का ते बघायची तपासणी, क्रॉसमॅच, पुढच्या बुधवारी आहे. बाबा अजून तिच्या नजरेला नजर देत नाहीत, माझ्या तर नाहीच.